जकात, दान, दशमांश : एका तक्त्यात बसवाल तर हिशेब चुकेल

नागपुरात ‘जकात’ म्हटले की चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना आधी नाका आठवतो. शहराच्या वेशीवर ट्रक थांबायचा, मालाची पावती दाखवायची, पैसे भरायचे आणि मग आत यायचे. महापालिकेची ही जकात २०१३ मध्ये गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. मुस्लिम कुटुंबे रमजानमध्ये जी जकात काढतात तिचा या नाक्याशी काही संबंध नाही. शब्द मात्र एकाच अरबी मुळातून आलेला आहे. मराठीत त्याचा एक अर्थ मालावरचा कर असा रुजला आणि दुसरा धर्माने सांगितलेल्या देण्याचा राहिला.

एका शब्दाने एवढा घोळ होतो, तर तीन शब्द शेजारी ठेवल्यावर काय होईल? धर्मादाय आणि अर्थशास्त्र या विषयावर प्रकल्प किंवा निबंध लिहिताना एक तक्ता सहज तयार होतो. जकात अडीच टक्के, दशमांश दहा टक्के, दान ऐच्छिक. पुढे निष्कर्षही तितक्याच सहज निघतो की अमुक धर्माचे लोक जास्त देतात आणि तमुक कमी. हा तक्ता मोबाइलवर फिरू लागला की तो अर्थशास्त्राचा राहत नाही, भांडणाचा होतो. त्यातले आकडे खोटे नाहीत. पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत आणि ते एका रांगेत लावणे हीच चूक आहे.

अडीच टक्के, पण कशाचे?

टक्का ऐकला की पहिला प्रश्न ‘कशाचा’ हा विचारायला हवा. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा किंवा पिकाचा दहावा भाग. वर्षभरात जे हाती आले त्यावर तो मोजतात. जकात मात्र नोकरदाराच्या पगारावर लागत नाही. खर्च भागवून जी संपत्ती उरली आणि चांद्र वर्षभर टिकली, तिच्यावर ती लागते. रोकड, बँकेतली शिल्लक, सोने-चांदी आणि विक्रीसाठी ठेवलेला माल ही तिची मुख्य अंगे. राहते घर, वापरातली गाडी, कारागिराची अवजारे यांवर जकात नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत दशमांश प्रवाहावर आहे आणि जकात साठ्यावर. नळातून दिवसभर किती पाणी आले ही एक मोजणी, टाकीत किती उरले ही दुसरी. दोन्हींचे टक्के एकमेकांपुढे ठेवून मोठे-लहान ठरवता येत नाही.

जकातीला एक उंबरठाही आहे, त्याला निसाब म्हणतात. भारतात प्रचलित हिशेबानुसार तो ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी यांच्या किमतीइतका धरतात. निव्वळ संपत्ती त्याखाली असेल तर जकात देणे बंधनकारक नाही. उलट असे कुटुंब गरजू असेल तर जकात घेऊ शकते. दोन निसाबांच्या किमतीत मात्र आज फार मोठी दरी आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून सोने ग्रॅमला १०,००० रुपये आणि चांदी १०० रुपये धरू. मग सोन्याचा उंबरठा ८,७४,८०० रुपयांवर जातो आणि चांदीचा केवळ ६१,२३६ रुपयांवर राहतो. कोणता धरायचा, यावर एखादे कुटुंब देणारे ठरते की घेणारे, हे अवलंबून आहे. रोकड आणि दागिने दोन्ही असतील तर हनफी परंपरेत सहसा चांदीचा निसाब धरतात, कारण त्यात गरजूंच्या वाट्याला जास्त येते.

बेसा येथील दोन घरे

मानेवाड्याहून बेसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेतांचे लेआउट झाले, लेआउटमध्ये प्लॉट पडले आणि प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीतली दोन घरे आपण कल्पनेने घेऊ. ही घरे कोणत्या धर्माची, हे मुद्दाम सांगत नाही. तिन्ही नियम दोघांनाही लावून पाहायचे आहेत.

पहिल्या घरात नोकरदार जोडपे आहे. महिन्याला ६० हजार, म्हणजे वर्षाला ७,२०,००० रुपये येतात. बँकेत दीड लाख आहेत. घरात ४० ग्रॅम सोने आहे, म्हणजे वरच्या भावाने चार लाखांचे. लगेच फेडायची देणी ५० हजारांची आहेत. दशमांशाच्या नियमाने या घराचे देणे ७२,००० रुपये होते. जकातीसाठी दीड लाख आणि चार लाख मिळवायचे आणि देणी वजा करायची. उरतात पाच लाख. हे चांदीच्या निसाबाच्या वर आहेत, म्हणून त्यांचे अडीच टक्के, म्हणजे १२,५०० रुपये जकात. कुणी घाईत पगारालाच अडीच टक्के लावले तर उत्तर १८,००० येईल आणि ते चूक असेल.

दुसऱ्या घरात निवृत्त गृहस्थ आहेत. पेन्शन महिना ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. निवृत्तीचे दहा लाख बँकेत आहेत. शिवाय भाव वाढला की विकायचा म्हणून घेतलेला एक प्लॉट आहे, त्याची आजची किंमत ४० लाख. दशमांश इथे ४२,००० रुपये होतो. जकात मात्र पन्नास लाखांवर लागते आणि १,२५,००० रुपये होते. पहिल्या घरात दशमांश जकातीच्या जवळजवळ सहापट होता. दुसऱ्या घरात जकात दशमांशाच्या तिप्पट झाली. म्हणजे ‘दहा टक्के अडीच टक्क्यांपेक्षा जास्त’ हे विधान शाळेच्या गणितात बरोबर असले, तरी या इमारतीत खरे ठरत नाही.

याच प्लॉटवर आणखी एक गोष्ट कळते. तो खरेदी करताना मुलासाठी घर बांधण्याचा हेतू असता, तर प्लॉट हिशेबातून बाहेर गेला असता आणि जकात फक्त दहा लाखांवर, म्हणजे २५,००० रुपये झाली असती. जमीन तीच, सातबारा किंवा विक्रीपत्र तेच, तरी फरक एक लाखाचा. सर्वेक्षणात ‘तुमच्याकडे प्लॉट आहे का’ एवढेच विचारले तर हा फरक पकडता येत नाही. ‘कशासाठी घेतला’ हेही विचारावे लागते.

इथेच जकातीची व्यवहारातली अडचणही दिसते. निवृत्त गृहस्थांचा प्लॉट कागदावर ४० लाखांचा आहे, पण हातात पेन्शनच येते. सव्वा लाख म्हणजे त्यांच्या वर्षाच्या पेन्शनचा जवळपास तीस टक्के भाग. संपत्तीवर आकारणी करणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत हा प्रश्न येतोच. त्यावर मुस्लिम धर्मशास्त्रात मतेही वेगवेगळी आहेत. भाव वाढण्याची वाट पाहत जमीन धरून ठेवणाऱ्याने ती विकल्यावर एका वर्षाची जकात द्यावी, असे मालिकी मत आहे. हनफी मत दरवर्षीच्या बाजारभावाने मोजते. वापरातल्या दागिन्यांबाबतही असाच भेद आहे. हनफी परंपरा त्यांवर जकात धरते. कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे आहेत, ती नेहमीच्या वापरातले दागिने सहसा वगळते. म्हणजे रत्नागिरीच्या घराचा हिशेब नागपूरच्या हनफी घरासारखा येईलच असे नाही. ‘मुस्लिमांचा नियम असा’ असे एका वाक्यात लिहिणाऱ्याने निदान कोणत्या परंपरेचा, हे सांगायला हवे.

दशमांश म्हणजे चर्चचा कर का?

दशमांश हा मराठी बायबलमधला शब्द. जुन्या करारात तो शेतमाल आणि गुराढोरांचा दहावा भाग आहे. तो प्रामुख्याने लेवी वंशाला जायचा, कारण धर्मसेवा करणाऱ्या या वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. ठरावीक वर्षी त्यात परके, अनाथ आणि विधवा यांचाही हिस्सा असे. पुढे युरोपात दशमांश कायद्याने वसूल होऊ लागला आणि तो खरोखरच करासारखा झाला.

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्यावर टीका केली ती धर्माच्या नव्हे, शेतीच्या हिशेबाने. दशमांश एकूण पिकावर लागतो, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर नाही. विदर्भाच्या भाषेत सांगायचे तर एक लाखाचा कापूस झाला आणि बी, खत, फवारणी, वेचणीत सत्तर हजार गेले, तर हातात तीस हजार राहतात. एक लाखाचा दहावा भाग दहा हजार. म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. जमीन सुधारायला जो जास्त खर्च करेल त्याला फटका जास्त. इंग्लंडने १८३६ मध्ये कायदा करून हा दशमांश रोख रकमेत बदलला आणि १९३६ मध्ये ती आकारणीही मोडीत काढली.

पण तो इतिहास आजच्या नागपुरातल्या ख्रिस्ती कुटुंबावर जसाच्या तसा लादता येत नाही. भारतात कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असे राज्यघटनेचे २७ वे कलम सांगते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये आज दहाव्या भागाची सक्ती नाही. अनेक पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र चर्च मात्र दशमांशावर भर देतात. जे देतात त्यांच्यातही तो एकूण पगारावर मोजायचा की कर आणि भविष्यनिर्वाह निधी कापून हाती येणाऱ्या रकमेवर, हा प्रश्न असतोच.

पिकाबाबत इस्लाममध्येही एक दहावा भाग आहे, त्याला उश्र म्हणतात. हा शब्दच ‘दहावा’ या अर्थाचा. पावसाच्या पाण्यावरचे पीक असेल तर दहावा भाग, विहीर-मोटेने पाणी देऊन घेतलेले असेल तर विसावा. पाणी देण्याचा खर्च आणि कष्ट इथे दरातच धरले आहेत. उश्र आणि दशमांश यांचा आकडा एकच दिसतो, पण नियम आणि घेणारे वेगळे आहेत.

दानाला दर नाही, मग मोजायचे कसे?

दानाचे प्रकरण आणखी वेगळे. हिंदू परंपरेत दानाची चर्चा दरापेक्षा देश, काळ, पात्र आणि भाव यांची आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला भेद रकमेवरून केलेला नाही. कुणाला, केव्हा आणि कशाच्या अपेक्षेने दिले यावरून केलेला आहे. बौद्ध परंपरेत दान ही पारमितांमधली पहिली. त्यात अन्न, वस्त्र, श्रम, ज्ञान सारेच येते.

मराठीत शेजारचे शब्दही बरेच आहेत आणि आपण ते सैलपणे वापरतो. दक्षिणा हे विधी करणाऱ्याला दिलेले मानधन आहे. वर्गणी ही गणपतीच्या मंडळाची असेल तर देणारा स्वतःही त्या मांडवाचा आणि आरतीचा लाभ घेतो. देणगी हा पावतीचा शब्द. हे सारे ‘दान’ या एका रकान्यात घातले की आकडा फुगतो, पण त्यातले गरजूपर्यंत किती पोचले ते कळत नाही.

दानाला सार्वत्रिक दर नाही म्हणून ते शून्य धरायचे, ही तक्त्यातली सर्वांत मोठी चूक. प्रत्येक परंपरेत एक ठरलेले देणे असू शकते आणि एक खुले. इस्लाममध्ये जकात ठरलेली आहे आणि ऐच्छिक देण्याला सदका म्हणतात. ख्रिस्ती लोकांत दशमांशाशिवाय खुशीचे अर्पण आहे. शिखांमध्ये दसवंध म्हणजे दहावा भाग आहे आणि त्याखेरीज लंगरची सेवा आहे. दानाची खरी जोडी जकातीशी नसून सदक्याशी आणि खुशीच्या अर्पणाशी लागते. एकाचे ठरलेले आणि दुसऱ्याचे खुले देणे शेजारी ठेवले की दुसरा फुकटचा कंजूष दिसतो.

नागपूरचा विसावा हिस्सा

मग दानाच्या बाजूला ठरलेले प्रमाण कधीच नव्हते का? याचे एक उत्तर नागपुरातच सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी या कार्यासाठी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले.

विसावा भाग म्हणजे पाच टक्के. बेसा येथील पहिल्या घराचा तो ३६,००० रुपये होईल, दुसऱ्याचा २१,०००. मोजण्याची पद्धत दशमांशासारखी, म्हणजे उत्पन्नावर. दर त्याच्या निम्मा. उश्रमधल्या विसाव्या भागाशी आकडा जुळतो, पण तो केवळ आकड्यांचा योगायोग समजावा. देण्याचे स्वरूप मात्र दानाचेच, कारण तो निश्चय होता, वसुली नव्हती. न देणाऱ्यावर निसाबासारखा हिशेब किंवा चर्चसारखी नोंदवही नव्हती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या सूचनेत एक नेमकी अडचण ओळखलेली दिसते. नव्या धम्माला विहारे, शाळा, प्रकाशने लागणार होती आणि अनुयायी बहुतांश मजूर व अल्पभूधारक होते. मोठे देणगीदार नसलेल्या समाजात काम उभे करायचे तर अनेकांच्या लहान, पण नियमित वाट्यावरच उभे राहू शकते. ठरलेले प्रमाण तो नियमितपणा देते. ६ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. विसाव्या भागाची आठवण आजही अनेक बौद्ध घरांत काढली जाते, पण तो देणे हे ज्याच्या-त्याच्या निश्चयावर राहिले. त्यामुळे त्याला ‘बौद्धांचा दशमांश’ म्हणणे चूक आणि ‘नुसते दान’ म्हणणेही अपुरे. त्याला त्याच्याच नावाने, विसावा हिस्सा म्हणूनच लिहावे.

पैसा पोचतो कुठे?

दर आणि आधार यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न घेणाऱ्याचा आहे. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. गरीब, निराधार, कर्जात बुडालेले, अडकलेले प्रवासी हे त्यांपैकी. स्वतःच्या आईवडिलांना किंवा मुलांना ती देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे वेगळेच कर्तव्य आहे. हनफी मताने गरजूच्या हाती रकमेची मालकी जावी लागते. म्हणून मशिदीची इमारत किंवा रस्ता जकातीतून बांधता येत नाही. त्यासाठी सदका किंवा वेगळी वर्गणी लागते. दशमांश मात्र सहसा चर्चच्या संस्थेकडे जातो. त्यातून पाळकाचे वेतन, इमारतीचे वीजबिल आणि गरिबांची मदत असे तिन्ही खर्च होऊ शकतात.

म्हणून ‘धार्मिक देणे’ असा एकच आकडा घेऊन त्याने गरिबी किती हटली हे मोजायला गेलो तर उत्तर फसवे येते. एका बाजूला थेट हस्तांतर आहे, दुसऱ्या बाजूला संस्थेचा चालू खर्चही आहे. दोन्हींचे समाजाला मोल असू शकते, पण ते एकच काम नाही.

प्राप्तिकराच्या आकड्यांचा आधार घ्यावा, तर तोही तोकडा पडतो. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. शेजारच्या विधवेच्या हातात ठेवलेल्या जकातीची पावती नसते. गुप्तदानाची तर नसतेच. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही आणि नव्या करप्रणालीत सामान्य करदात्याला ही सवलतच नाही. म्हणजे जे सरकारी कागदावर दिसते ते पावतीचे देणे आहे, सारे देणे नव्हे.

सक्तीने चित्र स्पष्ट होते का? पाकिस्तानने १९८० मध्ये बँकेच्या बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी जकात कापून घेण्याचा कायदा केला. परिणाम असा की अनेक खातेदार त्या दिवसाच्या आधीच पैसे काढून घेऊ लागले. बँकेतली शिल्लक कमी झाली, घरातली रोकड वाढली. लोकांनी जकात देणे सोडले असे त्यावरून म्हणता येत नाही. आपल्या हाताने, आपल्या ओळखीच्या गरजूला देण्याची मुभा अनेकांना सोडायची नव्हती.

प्रश्न बदलला तर उत्तर बदलेल

तेव्हा या विषयावर लिहिणाऱ्याने टक्क्यांचा तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक देण्याला चार प्रश्न विचारावेत. ते कशावर मोजले जाते, उत्पन्नावर, पिकावर की उरलेल्या संपत्तीवर? ते ठरलेले आहे की खुले? कोण घेऊ शकतो आणि कोण नाही? त्याची नोंद कुठे होते? या चार उत्तरांनंतर मगच बेरीज करावी आणि तीही सारख्या गोष्टींची.

जकातीला ‘मुस्लिमांचे दान’ आणि दानाला ‘हिंदूंची जकात’ म्हणणे वाचकाला सोपे वाटते. पण या सोपेपणात दुसऱ्या घरातल्या पेन्शनरचा प्लॉट हरवतो, कापसाचा खर्च हरवतो आणि दीक्षाभूमीवर सांगितलेला विसावा हिस्सा कुठल्याच रकान्यात बसत नाही. कोणता समाज जास्त देतो, हे ठरवायला निघालेल्या तक्त्याकडून कोणत्या गरजूपर्यंत काय पोचते, हे कळत नाही. अभ्यास करायचाच तर या दुसऱ्या प्रश्नाचा करावा.